कोथिंबिरीच्या फुलांवरच्या या गांधीलमाश्या की हॉवरफ्लाय? (चार फोटो, ओळखायला मदत हवी)

मृण्मयी

नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही काही जणी मिळून कुंड्यांत भाज्या लावतो. यंदा कोथिंबीर आणि शेपू बियाण्यासाठी फुलायला ठेवलंय. ऊन जरा वर आलं की त्या फुलांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्या येतात. हवेत एका जागी थांबतात, झटकन बाजूला सरकतात, पुन्हा तिथेच येतात. खालच्या मजल्यावरच्या काकांनी "गांधीलमाश्यांचं पोळं होतंय" अशी तक्रार केली आणि शनिवारी फवारणीवाले येणार आहेत. पोळं कुठेच नाही, मी सगळे कोपरे बघितले.

मोबाईलला क्लिपची मॅक्रो लेन्स लावून फोटो काढलेत. ते मोठे करून मला काय दिसतं तेही लिहिते.

फोटो 1: पोट चपटं, नारिंगी-पिवळं. त्यावर एक जाड काळा पट्टा, मग एक बारीक, असे जोडीने. डोळे तपकिरी-लाल, डोक्याचा बहुतेक भाग त्यांनीच व्यापलाय.

फोटो 2: सरळ मधमाशीच वाटते. तपकिरी, जाडसर. पण डोळे फिकट आणि त्यावर काळे ठिपके! असे डोळे मी कधी पाहिले नव्हते.

फोटो 3: लहान, पोटाचा पुढचा भाग विटकरी, मागे काळ्या-पांढऱ्या रेघा.

फोटो 4: कमरेशी बारीक, पंखाची पुढची कड काळपट, मिशा चांगल्या लांब. ही मात्र मला गांधीलमाशीच वाटते. वरून काढलाय, एकच फोटो मिळाला.

शनिवारच्या आत समितीला काहीतरी ठोस सांगायचंय.

---

मॅक्रो_वेडा

सोपं आहे. पंख मोजा. माशी असेल तर दोन पंख, मधमाशी किंवा गांधीलमाशी असेल तर चार. तुमच्या चारही फोटोंत दोन-दोनच पंख दिसतायत, म्हणजे चारही हॉवरफ्लाय. फवारणी रद्द करा.

---

शिरीषकाका

मृण्मयी, मुलं गच्चीवर खेळतात ना? मग ओळखत बसण्यापेक्षा आधी फुलं कापून टाकावीत असं माझं मत. माझ्या नातवाला मागच्या वर्षी मधमाशी चावली तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता. पट्टे दिसले की लांब राहावं, एवढंच आम्ही शिकलो.

---

टेकडीवाला

मृण्मयीताई, फोटो छान आलेत. चौथ्याबद्दल शेवटी लिहितो, तो अवघड आहे.

आधी पंखांचं. मॅक्रो_वेडा म्हणतात ते तत्त्व बरोबर आहे, पण फोटोत ते दगा देतं. मधमाशीच्या मागच्या पंखाच्या पुढच्या कडेला बारीक आकड्यांची रांग असते. उडताना ते आकडे पुढच्या पंखाच्या कडेत अडकतात आणि दोन्ही पंख मिळून एकच पातं होतं. बसल्यावर मागचा पंख पुढच्याखाली जातो. त्यामुळे चार पंखांच्या माशीचे फोटोत सर्रास दोनच दिसतात. उलटही होतं. हॉवरफ्लायच्या पंखाच्या बुडाशी मागच्या बाजूला एक छोटी झालर असते आणि ती बऱ्याच जणांना "मागचा पंख" वाटते. म्हणून पंखांची मोजणी पहिली नको, ती शेवटी पडताळ्यासाठी ठेवा.

पहिल्यांदा मिशा बघा. फोटो 1 मध्ये चेहऱ्यावर, दोन डोळ्यांच्या मध्ये झूम करा. लांब मिशा शोधू नका, मिळणार नाहीत. दोन बुटके, फुगीर, लोंबते तुकडे दिसतील. फोटो पुरेसा स्वच्छ असेल तर प्रत्येकावर एक बारीक केस तिरका उभा दिसेल. हॉवरफ्लायची मिशी साधारण अशी असते: तीन तुकडे, त्यातला शेवटचा मोठा, आणि त्यावर हा केस. मधमाशीची मिशी बुडाशी एक लांब सरळ दांडा, मग कोपरासारखा वाक आणि पुढे छोट्या पेरांची साखळी. मादीत एकूण 12 पेरं, नरात 13. पेरं मोजायची गरज पडत नाही, तो वाक दिसला की पुरे. फोटो धूसर असला तरी मधमाशीच्या मिशा डोक्याच्या पुढे आलेल्या दोन काळ्या रेघा म्हणून दिसतात. फोटो 1 मध्ये तशा रेघा नाहीत.

जाड आणि बारीक पट्ट्यांची जोडी बघता फोटो 1 मधली एपिसिर्फस वंशाची हॉवरफ्लाय आहे. शेतकऱ्यांच्या भाषेत सिरफिड माशी. हिला नांगी नाही, चावायला जबडा नाही. हातावर बसली तर घाम चाटायला बसते.

---

मृण्मयी

झूम केलं. दोन नारिंगी बुटके तुकडे आहेत! उजव्या तुकड्यावर केसही दिसतोय, आधी मला तो फुलाचा तंतू वाटला होता. डावा अर्धा फोकसबाहेर आहे.

---

अनुजा_क

डोळ्यांवरून जास्त लवकर कळतं असं मला वाटतं. हॉवरफ्लायचे डोळे एवढे मोठे असतात की डोक्यावर एकमेकांना चिकटतात. मधमाशीचे डोळे बाजूला असतात. मी तर तेवढंच बघते. पुरावा म्हणून माझा फोटो देतेय, आमच्या गॅलरीच्या जाळीवर बसली होती. डोळे बघा, वर मध्ये अजिबात जागा नाही. काळी, केसाळ, जाडजूड हॉवरफ्लाय.

---

टेकडीवाला

अनुजाताई, तुमच्या फोटोत सातेरीचा नर आहे. म्हणजे मधमाशीच.

डोळे चिकटलेले असणं ही खूण दोन्हीकडून फसवते. बहुतेक जातींत फक्त नर हॉवरफ्लायचे डोळे डोक्यावर चिकटतात, मादीच्या दोन डोळ्यांत पट्टी असते. त्यामुळे हीच कसोटी लावली तर हॉवरफ्लायच्या साऱ्या माद्या मधमाश्या ठरतील. आणि मधमाशीच्या नराचे डोळेही डोक्यावर असेच भिडतात. त्याला राणी उडत असताना शोधायची असते, म्हणून वरच्या बाजूला एवढे मोठे डोळे.

तुमच्या फोटोतला चेहरा मोठा करून बघा. डोळ्यांखालून दोन काळ्या मिशा निघून वाकलेल्या आहेत. डाव्या पंखाच्या मागच्या कडेला एक खाच आहे, तिथे पुढचा पंख संपून मागचा सुरू होतो. आणि तो फुलावर नव्हता हेही लक्षात घ्या, नर परागासाठी फुलांवर फिरत नाहीत. (या नरालाही नांगी नसते. ती मधमाशीत फक्त माद्यांना असते.)

डोळ्यांचा खरा उपयोग नर-मादी ओळखायला होतो. आणि दुसरा उपयोग मृण्मयीताईंच्या फोटो 2 मध्ये आहे.

---

अनुजा_क

मिशांकडे मी बघितलंच नव्हतं, डोळे बघून थांबले होते. वाक स्पष्ट आहे. खाच मात्र मला अजून नीट सापडत नाही, जाळी मध्ये येतेय.

---

टेकडीवाला

आता फोटो 2. ठिपकेवाले डोळे म्हणजे आपल्याकडे एरिस्टॅलिनस वंशाची हॉवरफ्लाय. काही जातींत ठिपके, काहींत आडवे-उभे पट्टे. छातीवर बहुधा फिकट-गडद उभे पट्टे असतात, तुमच्या फोटोत ते पुसट दिसतायत. मधमाशीची ही सगळ्यात हुबेहूब नक्कल. रंग तोच, बांधा तोच, फुलावरची लगबगही बरीचशी तीच.

फक्त एक काळजी घ्या. निळ्या पट्ट्यांच्या अमेगिलासारख्या, मधमाशीच्याच कुळातल्या काही माश्यांच्या फिकट हिरव्या डोळ्यांतही फोटोत काळे डाग दिसतात. ते रंगाचे नसतात. डोळ्याचा जो भाग सरळ तुमच्याकडे बघत असतो तो गडद दिसतो, म्हणून कॅमेरा हलवला की डागही सरकतो. एरिस्टॅलिनसचे ठिपके जागेवरच राहतात. म्हणून एकाच माशीचे दोन कोनांतून फोटो असतील तर ते शेजारी ठेवून बघा.

तुमच्याकडे एकच कोन असेल तर पंखाकडे या. पंखाच्या पुढच्या कडेपासून आत एक लांब शीर जाते, ती मध्येच खाली झोल खाऊन पुन्हा वर येते. एरिस्टॅलिनस आणि तिच्या जवळच्या माश्यांत हा झोल इतका ठळक असतो की मोबाईलच्या फोटोतही कळतो. मधमाशीच्या पंखात असा झोल नसतो.

---

मृण्मयी

झोल सापडला! उजव्या पंखावर, टोकाच्या जरा अलीकडे. ठिपक्यांसाठी बर्स्टमधले दुसरे फोटोही बघितले. माशी थोडी वळलीय, पण डोळ्याच्या मागच्या कडेजवळचा मोठा ठिपका दोन्हींत कडेजवळच आहे. म्हणजे ठिपके रंगाचेच.

---

बार्शीकर

राम राम. आम्ही करडई आणि ज्वारीवाले. तुम्ही सिरफिड माशी म्हणालात म्हणून विचारतो. करडईवर मावा भरपूर पडलाय. त्या माव्यात हिरवट-पांढरट, पाऊण-एक सेंटिमीटरची अळी दिसते. दुकानदार म्हणाला अळीचं औषध मारा. शेजारचा म्हणतो ती मित्रकीड आहे. फोटो टाकलाय. ही अळी तुमच्या माशीची का? का पान खाणारी?

---

टेकडीवाला

बार्शीकर दादा, फोटो मोठा करून बघितला. पाय नाहीत, गोल टणक डोकं नाही, पुढचं टोक निमुळतं आणि मागचं बोथट. पान खाणाऱ्या अळीला डोकं स्पष्ट दिसतं आणि छातीजवळ पायांच्या तीन जोड्या असतात. तुमच्या फोटोत पुढच्या टोकाला मावा धरलेलाही दिसतोय. ही सिरफिडची अळी. ती मावा पकडते, आतला रस शोषते आणि रिकामी कातडी टाकून देते. त्याच झाडावर अशा सुरकुतलेल्या कातड्या सापडतात का बघा. पाना-देठावर एका बाजूला फुगीर, दुसरीकडे निमुळता, थेंबाच्या आकाराचा कोष चिकटलेला दिसला तर तोही हिचाच.

फवारायचं की नाही हे मावा किती आहे त्यावर ठरतं आणि ते मी फोटोवरून सांगणार नाही, तुमच्या कृषी सहायकांना शेत दाखवा. पण अळीचं औषध या अळीवर मारण्यात अर्थ नाही, तेवढं नक्की.

---

बार्शीकर

कातड्या आहेत. पांढऱ्या, चिकटलेल्या. मी त्यांना माव्याची कात समजत होतो.

---

टेकडीवाला

दादा, मावाही कात टाकतोच, म्हणून पांढरं दिसलं की लगेच अळीच्या खात्यावर टाकू नका. मावा टाकतो ती कात कोरडी, हलकी आणि पांढरीशुभ्र असते, फुंकरीने उडते. रस शोषलेला मावा सुरकुतलेला आणि बहुधा गडद दिसतो. तुमच्याकडे दोन्ही मिसळलेलं असणार.

---

कंपोस्टवाली

माझाही प्रश्न याच धाग्यात विचारते. आमच्या ओल्या कचऱ्याच्या बादलीभोवती काळ्या, लांबट, गांधीलमाशीसारख्या माश्या फिरतात. पायांची टोकं पांढरी. मिशा लांब आहेत! म्हणजे वरच्या नियमाने गांधीलमाशी ना? झाकण उघडायला भीती वाटते.

---

टेकडीवाला

ताई, पोटाच्या सुरुवातीला बघा, दोन पारदर्शक खिडक्यांसारखे भाग असतील. त्यांतून उजेड आरपार दिसतो आणि लांबून कंबर बारीक असल्याचा भास होतो. ही ब्लॅक सोल्जर फ्लाय. हॉवरफ्लाय नाही, पण माशीच. नांगी नाही. बादलीतल्या चपट्या, तपकिरी, जाड कातडीच्या अळ्या हिच्याच.

तुमच्या प्रश्नामुळे एक गोष्ट स्पष्ट करता येते. आखूड मिशी आणि त्यावर केस दिसला तर ती माशी, यावर मी ठाम राहीन. पण मिशी लांब दिसली म्हणून गांधीलमाशी, असं उलट म्हणता येत नाही. काही माश्यांच्या मिशाही लांब असतात. मृण्मयीताईंचा फोटो 4 याच कारणाने अडलाय.

---

मॅक्रो_वेडा

मग लांब मिशांच्या बाबतीत शेवटी पंखच मोजायचे ना? मी तेच म्हणत होतो.

---

टेकडीवाला

हो, पण मोजण्याच्या जागी पंखाच्या शिरा बघा. त्यातून जास्त कळतं.

हॉवरफ्लायच्या पंखात दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे, बाहेरच्या कडेजवळ शिरा कडेपर्यंत जातच नाहीत. त्या वळतात आणि कडेला समांतर धावतात, त्यामुळे कडेने एक मोकळी पट्टी राहते. दुसरी खूण हॉवरफ्लायमध्येच सापडते. पंखाच्या मध्यातून एक लांब पुसट रेघ जाते, ती कुठल्याच शिरेला जोडलेली नसते. अधांतरी सुरू होते, मधली आडवी शीर ओलांडते आणि अधांतरीच संपते. ती खरी शीर नाही, पंखाची जाडसर घडी आहे. हॉवरफ्लायच्या अगदी थोड्या जातींत ती फार फिकट असते किंवा नसते, पण दिसली तर मी दुसरं काही तपासत नाही.

ती समोरून पडणाऱ्या उजेडात दिसत नाही. माशीच्या मागून, तिरकं ऊन आलं पाहिजे. फ्लॅश बंद ठेवा, तो पंखावर चकाकतो आणि शिरा पुसून टाकतो.

---

मृण्मयी

फोटो 3 राहिला. मी एक गोष्ट टिपलीय, मागच्या पायाला पिवळा गोळा आहे. पराग?

---

टेकडीवाला

बरोबर टिपलंत. तो मागच्या पायाच्या रुंद, चकचकीत भागावर दाबून बसवलेला परागाचा गोळा. हॉवरफ्लायच्या अंगाला परागाचे कण लागतात, पण ती गोळा करून पायावर वाहून नेत नाही. पोटाचा पुढचा भाग विटकरी, मागे काळ्या-पांढऱ्या रेघा, लहान आकार, म्हणजे ही फुलोरी मधमाशी. खरी मधमाशी, नांगी असलेली. फुलावर काम करणारी फुलोरी सहसा अंगावर येत नाही, पण हाताने धरली किंवा पायाखाली आली तर डंख मारते.

म्हणून समितीला "सगळ्या निरुपद्रवी आहेत" असं सांगू नका. दोन फोटो हॉवरफ्लायचे, एक मधमाशीचा, एक अनिश्चित, आणि पोळं कुठेही नाही, असं सांगा.

---

शिरीषकाका

हे मला पटलं. पण नातवाचं काय? त्याला कुठली कुठली हे कळणार नाही.

---

टेकडीवाला

काका, ज्याला डंखाची ॲलर्जी आहे त्याने फोटोवरची ओळख सुरक्षिततेसाठी वापरू नये, हे माझंही म्हणणं आहे. कोपरापर्यंत सूज आली होती तर एकदा डॉक्टरांशी बोलून ठेवा. दहा-अकराच्या उन्हात फुलांवर गर्दी असते, तेवढा वेळ त्याला त्या कुंड्यांपासून लांब ठेवा. कुंड्या खेळायच्या जागेपासून दूर कठड्याकडे नेता आल्या तर सगळ्यात उत्तम. फुलं कापायची वेळ येणार नाही.

---

मॅक्रो_वेडा

फोटो कसा काढायचा याबद्दल मी सांगतो, ते माझं रोजचं काम आहे. हवेत थांबलेल्या हॉवरफ्लायच्या मागे धावू नका. नर एक जागा धरून ठेवतो, हाकलला तरी थोड्या वेळात तिथेच परत येतो. त्या जागेवर आधीच फोकस करून थांबा. उडताना पंख गोठवायला 1/2000 सुद्धा कमी पडतो, पण ओळखीसाठी उडतानाचा फोटो लागतच नाही. बसलेली असताना तीन कोन घ्या: समोरून चेहरा, वरून पंख, बाजूने छाती. क्लिप लेन्सला फोकसची जाडी फार कमी मिळते, म्हणून एकाच फोटोत सगळं पकडायच्या भानगडीत पडू नका. तुमची सावली तिच्यावर पडली की ती गेलीच.

---

टेकडीवाला

बाजूच्या फोटोचा एक मोठा फायदा सांगतो. पंखाच्या बुडाखाली, थोडं मागे, फिकट गाठ असलेली छोटी काडी दिसते. माशीच्या मागच्या पंखांचं तेवढंच उरलंय, उडताना तोल सांभाळायला ते कामी येतं. ती गाठ दिसली की माशी, मग मिशा लांब असोत की आखूड. हॉवरफ्लायमध्ये ती कधी कधी झालरीमागे लपते, म्हणून दिसली नाही तर निकाल देऊ नका.

आता फोटो 4. गांधीलमाशीच्या बाजूने लांब मिशा, बारीक कंबर आणि काळपट कड. गांधीलमाश्या बसल्यावर पंख लांबीत दुमडतात, त्यामुळे त्यांचा पंख अरुंद, गडद पट्टीसारखा दिसतो. विरुद्ध बाजूने बघा: तुमच्या माशीचा पंख दुमडलेलाच नाही. काळपट कडेच्या मागे पंखाचा रुंद पारदर्शक भाग पसरलेला आहे. म्हणजे दुमडलेल्या पंखाचा देखावा फक्त रंगाने उभा केलाय. सेरियाना आणि मोनोसेरोमाया या हॉवरफ्लाय नेमकं हेच करतात. मिशाही लांब असतात, आणि त्या दोन्ही मिळून कपाळातून निघालेल्या एका दांड्यावर उभ्या असतात.

डोळे बघा. गांधीलमाशीच्या डोळ्याला आतल्या बाजूने, मिशीच्या बुडाजवळ खोलगट खाच असते, डोळा काजूच्या आकाराचा दिसतो. तुमच्या फोटोत डाव्या डोळ्याची आतली कड मला सरळ वाटते. वरून काढल्यामुळे अर्धीच दिसतेय, पण खाच असती तर तिची सुरुवात तरी दिसली असती.

म्हणून माझं मत माशीकडे झुकतं.

---

रानवाटा

मी नेहमी वाचतो, क्वचित लिहितो. फोटो 4 माशी आहे इथपर्यंत सहमत. पण हॉवरफ्लायच कशावरून? कॉनोपिड माश्याही अशाच दिसतात. लांब मिशा, बारीक कंबर, पंखाची पुढची कड गडद. त्या मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवर अंडी घालतात, त्यामुळे ज्या फुलांवर फुलोरी येते तिथे त्या असणं स्वाभाविक आहे. फोटोत पोटाचं टोक खाली वळलेलं दिसतंय, ते कॉनोपिडचं लक्षण आहे.

---

टेकडीवाला

मुद्दा चांगला आहे. पोटाचं टोक मीही बघितलं, पण शेपूच्या काड्यांमुळे वळलंय की काडीमागे गेलंय ते कळत नाही.

फरक दोन ठिकाणी कळेल. कॉनोपिडच्या तोंडाखालून लांब, टणक सोंड पुढे आलेली असते, सेरियानात तशी नसते. आणि पंखात ती अधांतरी रेघ असेल तर हॉवरफ्लाय, नसेल तर कॉनोपिडकडे जावं लागेल. फोटो वरून काढल्यामुळे सोंड झाकली गेलीय. रेघ जिथे हवी तिथे पंखावर उन्हाची चकाकी आहे. मिशा एका दांड्यावरून निघतात की वेगवेगळ्या, तेही डोक्याच्या उतारामुळे दिसत नाही.

---

रानवाटा

चकाकीच्या खालच्या कडेला मला रेघेचा एक तुकडा वाटतो, पण तो पंखाची सुरकुतीही असू शकतो. कॉनोपिडवरून मी मागे हटत नाही.

---

मृण्मयी

समितीशी बोलले. फोटो 1 चा चेहरा आणि अनुजाताईंच्या सातेरीचा चेहरा शेजारी ठेवून मोबाईलवर दाखवला (अनुजाताई, परवानगी गृहीत धरली), आणि मिशांवर बोट ठेवून सांगितलं. फोटो 3 ची मधमाशी खरी आहे हेही सांगितलं. शनिवारची फवारणी पुढे ढकललीय, रद्द नाही. अट अशी की कुंड्या कठड्याकडे हलवायच्या.

एक प्रश्न राहिला. फोटो 2 वाली एवढ्या संख्येने का आली असेल? वर्षभर एकही दिसली नव्हती.

---

टेकडीवाला

एरिस्टॅलिनसच्या अळ्या मावा खात नाहीत. त्या साचलेल्या, कुजट पाण्यात वाढतात आणि श्वास घ्यायला पाण्याबाहेर लांब नळीसारखी शेपूट काढतात. गच्चीच्या पन्हाळीत पालापाचोळा अडून पाणी साचलंय का, तळमजल्याला सांडपाण्याचं चेंबर उघडं आहे का, बघा. सापडलं तर पाण्यात शेपटीवाल्या राखाडी अळ्या दिसतील. ते साफ केलंत तर डासही कमी होतील आणि या माश्याही.

---

मृण्मयी

पन्हाळ तुंबलीय, हे मला माहीत आहे. उद्या बघते.

फोटो 4 वाली आज पुन्हा आली होती, त्याच शेपूवर. समोरून घ्यायला गेले आणि सावली पडली.

---

मॅक्रो_वेडा

सूर्य तुमच्या पाठीशी ठेवू नका. शेपूच्या पलीकडे जाऊन उभ्या राहा, ऊन तिच्या मागून येऊ द्या. सावली तुमच्या मागे पडेल आणि पंखातल्या शिराही उजळतील. आधी चेहरा घ्या, मग पंख.

---

रानवाटा

चेहरा मिळाला तर सोंडेखालचा भाग कापू नका, फोटो आहे तसा पूर्ण टाका.